जागा मागायची की वाट?

‘बारा वर्षं झाली की जागा आपली’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत पाराखाली ऐकायला मिळतं. शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेणारा ते म्हणतो, भावाच्या वाट्याची जमीन कसणारा म्हणतो, गायरानात झोपडी घातलेलाही म्हणतो. तिघांचेही प्रश्न वेगळे आहेत. त्यांना लागणारी मुदत वेगळी आहे आणि ती मोजायची रीतही वेगळी आहे. कोर्टात जाईपर्यंत हा फरक कुणी समजावून सांगत नाही. तिथे पोचल्यावर तो कळतो, तेव्हा हातची तारीख बहुधा निघून गेलेली असते. गावोगाव वाटेवरून जे दावे चालतात, त्यातले कितीतरी खऱ्या हक्काचे असूनही या हिशेबात मार खातात. मला याची खंत वाटते, कारण हा हिशेब अवघड मुळीच नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करायची. दुसऱ्याच्या जमिनीतलं आपल्याला नक्की काय हवं आहे? ती जमीनच, की तिच्यावरून जाण्यायेण्याची, पाणी नेण्याची मुभा?

जमीनच हवी असेल, तर तो दावा प्रतिकूल कब्जाचा. वकील मंडळी त्याला ‘ॲडव्हर्स पझेशन’ म्हणतात. जमिनीचा मालक दुसरा आहे, पण आपण ती उघडपणे, त्याच्या हक्काला न जुमानता, स्वतःची म्हणून सलग बारा वर्षं ताब्यात ठेवली आणि तेवढ्या काळात तो कोर्टात गेला नाही, तर १९६३च्या मुदत कायद्यातल्या अनुच्छेद ६५प्रमाणे ताबा परत मागण्याची त्याची मुदत संपते. त्याच कायद्याचं कलम २७ आणखी पुढे जातं. मुदत संपली की दावा करण्याची सोय जाते आणि तिच्याबरोबर मालकाचा हक्कही संपतो.

फक्त वाट हवी असेल, तर तो दावा सुविधाधिकाराचा, म्हणजे वकिलांच्या तोंडी ‘ईझमेंट’चा. त्यासाठी १८८२चा भारतीय सुविधाधिकार कायदा आहे. त्याचं कलम १५ असं सांगतं, की वाटेचा वापर वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता झालेला असला पाहिजे. बारा वर्षांचा इथे काही संबंध नाही. जमीन सरकारी असेल, तर वीसऐवजी तीस वर्षं लागतात. सरकारी जमिनीवर मालकीचाच दावा सांगायचा असला, तरी सरकारला ताबा परत मागायला तीसच वर्षं मिळतात.

इथपर्यंतचं कुठल्याही पुस्तकात सापडेल. खरी मेख पुढे आहे. प्रतिकूल कब्जाची बारा वर्षं पुढच्या दिशेने मोजली जातात. ताबा विरोधी झाला त्या दिवशी घड्याळ सुरू होतं, बारा वर्षं भरली की काम झालं, मग कोर्टात कधी गेलात याने फारसा फरक पडत नाही. वाटेची वीस वर्षं मात्र उलट, मागच्या दिशेने मोजतात. ज्या दाव्यात त्या हक्काचा वाद कोर्टापुढे येतो, तो दाखल झाल्याच्या तारखेपासून मागे यायचं आणि वापराची वीस वर्षं त्या तारखेआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली आहेत का, ते पाहायचं. म्हणजे पन्नास वर्षं वाट वापरली, मग ती बंद झाली आणि तुम्ही तीन वर्षं गप्प बसलात, तर ती पन्नास वर्षं कलम १५च्या कामाला येणार नाहीत. कायदा करणाऱ्यांनी हे समजावायला कलमाखाली एक उदाहरणही घातलं आहे. दावा १८८३ सालचा. वादीने १ जानेवारी १८६२ ते १ जानेवारी १८८२ असा वापर सिद्ध केला आणि तो जिंकला. वापर १८८२च्या पहिल्या दिवशी थांबला होता, दावा पुढच्याच वर्षी आला, म्हणून तो दोन वर्षांच्या आत बसला.

आता हाच हिशेब एका शेतावर मांडून पाहू. माणसं कल्पित आहेत, पण अशी जोडी बहुतेक गावांत सापडेल.

समजा, चढावर एकाचं शेत आहे आणि उताराला दुसऱ्याचं. त्यांना वरचा आणि खालचा म्हणू. खालच्याच्या शेताला स्वतःचा रस्ता नाही. वरच्याच्या पूर्वेकडच्या बांधालगत आठ फुटी गाडीवाट आहे, तिच्यावरून तो १९८८पासून गाडी, औतं आणि पुढे ट्रॅक्टर नेतो. वरच्याने कधी हरकत घेतली नाही, परवानगीही दिली नाही. याशिवाय बांधापलीकडे, वरच्याच्याच हद्दीत, तीन गुंठ्यांचा कोपरा आहे. तिथे खालच्याने २००४ साली पत्र्याचा गोठा बांधला.

२०१९ साली वरच्याने जमीन शहरातल्या एका खरेदीदाराला विकली. त्याने भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेतली, हद्दीच्या खुणा रोवल्या आणि जून २०२१मध्ये तारेचं कुंपण घालून गाडीवाटेवर फाटक बसवलं, कुलूप लावलं.

खालच्याने केलं ते चारचौघं करतात तेच. तलाठ्याकडे गेला, पोलिसांत अर्ज दिला, गावच्या वडीलधाऱ्यांना घेऊन नव्या मालकाकडे जाऊन आला. ‘दादा, पेरणी होऊ द्या, मग बघू’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वर्षीही तेच. शेवटी ऑक्टोबर २०२३मध्ये त्याने दिवाणी न्यायालयात दावा लावला. तेहेतीस वर्षांची वहिवाट आहे, साक्षीदार आहेत, आपण हरूच कसे, असं त्याला वाटत होतं.

ऑक्टोबर २०२३पासून दोन वर्षं मागे गेलं की ऑक्टोबर २०२१ येतो. वाटेचा वापर थांबला जून २०२१ला. वीस वर्षांचा वापर ज्या दोन वर्षांच्या आत संपायला हवा होता, त्यांच्या चार महिने आधीच तो संपला होता. जून २०२३च्या आत दावा लावला असता, तर तेहेतीस वर्षांतली शेवटची वीस त्याच्या बाजूने उभी राहिली असती. चार महिन्यांनी सगळं ओढून नेलं.

यावर एक प्रतिवाद होतो आणि तो दखल घेण्याजोगा आहे. कलम १५च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की नुसती आडकाठी म्हणजे खंड नव्हे. आडकाठी कळल्यानंतर माणसाने ती वर्षभर निमूटपणे सोसली, तरच खंड पडला असं धरायचं. खालच्याने तर पहिल्या आठवड्यापासून विरोध केला होता. मग खंड कुठे पडला? मुद्दा योग्य आहे आणि वकील तो मांडतीलही. पण खंड पडणं आणि वीस वर्षं दोन वर्षांच्या आत संपणं या दोन स्वतंत्र अटी आहेत. पहिली पूर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप पूर्ण होत नाही. ‘आडकाठी रोजच चालू आहे, म्हणून दाव्याची मुदत रोज नव्याने सुरू होते’ हा युक्तिवादही इथे तोकडा पडतो, कारण दोन वर्षांची ही अट दावा कधीपर्यंत लावता येईल ते सांगत नाही. हक्क जन्माला आला का, हेच ती ठरवते. कोर्टाने शिक्कामोर्तब करेपर्यंत वहिवाटीचा हक्क कच्चाच असतो. प्राचीन काळी कुणीतरी तो दिला असावा आणि दस्त हरवला असावा असं गृहीत धरण्याची एक जुनी वाटही न्यायालयांनी मोकळी ठेवली आहे, पण तिच्या भरवशावर कुणी उशीर करू नये.

मागून मोजण्याच्या या पद्धतीचा एक फायदाही आहे. समजा, १९९६ साली वरचा आजारी पडला आणि त्या एका वर्षासाठी खालच्याने त्याचं शेत वाट्याने कसलं. त्या वर्षी तो गाडीवाटेवरून गेला तो शेत कसणारा म्हणून. वाटेचा हक्क सांगणारा शेजारी म्हणून तो वापर धरता येत नाही. कायद्याच्या पोटात याचंही उदाहरण आहे. वीस वर्षांतलं एक वर्ष वादी त्याच जमिनीचा पट्टेदार होता, एवढ्यावरून दावा फेटाळायचा, असं ते सांगतं. पण खालच्याची शेवटची वीस वर्षं २००१ ते २०२१ अशी पडतात. १९९६ त्यांच्या बाहेर आहे, त्याने काही बिघडत नाही. तेच वाट्याने कसणं २००९ला झालं असतं, तर वेळेत लावलेला दावाही कोसळला असता. शेजाऱ्याचं शेत एखाद्या हंगामापुरतं खंडाने किंवा वाट्याने घेणं गावात इतकं सहज होतं, की असं काही घडलं होतं का हे विचारावं असंच कुणाच्या मनात येत नाही. उलटतपासणीत मात्र पहिल्या पाचदहा प्रश्नांत ते निघतं.

परवानगीचंही तसंच. वीस वर्षांत एकदा जरी तुम्ही ‘जाऊ का तुमच्या शेतातून?’ असं विचारलं आणि आपला हक्क नाही हे कबूल केलं, तर वापर हक्काने झाला असं राहत नाही. कायद्यातलं तिसरं उदाहरण नेमकं हेच आहे. आपल्याकडे शेजाऱ्याला विचारून जाणं हा साधा सभ्यपणा आहे आणि कायद्याच्या हिशेबात तोच अंगाशी येतो. मला हे खटकतं. पण कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. मेहेरबानीने दिलेली सवलत वीस वर्षांनी डोक्यावर बसणार असेल, तर कुठला मालक कुणाला जाऊ देईल?

आता गोठ्याकडे वळू. तिथे मागणी जागेची आहे, त्यामुळे घड्याळ पुढे चालतं. २००४ला सुरुवात, २०१६ला बारा वर्षं पुरी. मधे जमीन विकली गेली याने ते थांबत नाही. जुन्या मालकाविरुद्ध चाललेली वर्षं नव्या मालकालाही तशीच लागू होतात. खरेदीदारांनी हे डोक्यात पक्कं ठेवायला हवं. सातबारा स्वच्छ दिसतो, फेरफार नावावर होतो आणि कोपऱ्यातल्या गोठ्याचं अकरावं वर्ष चालू असतं. अशा वेळी हाती दोन वर्षांहूनही कमी काळ राहतो. वकिली नोटिशीने ते घड्याळ थांबत नाही. पोलिसांतल्या अर्जाने थांबत नाही, सातबाऱ्यावरच्या नावाने किंवा मोजणीच्या नकाशानेही थांबत नाही. ते थांबतं ताब्याचा दावा दाखल केल्याने, ताबा खरोखर परत मिळाल्याने, किंवा ताबेदाराने मुदतीच्या आत मालकाचा हक्क मान्य केल्याने.

खालच्याचा घात या शेवटच्या गोष्टीने केला. २०१२ साली त्याने वरच्याला चिठ्ठी लिहिली होती: ‘तुमच्या जागेत गोठा आहे, जमलं तर तीन गुंठे मला रीतसर विकत द्या, तोवर वर्षाचं भाडं देतो.’ ही चिठ्ठी जमिनीबरोबर नव्या मालकाच्या हाती आली. आठ वर्षं चाललेलं घड्याळ तिथे मोडलं आणि त्यापुढचा ताबा भाडेकऱ्याच्या किंवा परवानगीने राहणाऱ्याच्या ताब्यासारखा झाला. तो कितीही वर्षं चालला, तरी विरोधी ठरत नाही. तीच चिठ्ठी २०१८ला, म्हणजे बारा वर्षं भरल्यानंतर लिहिली असती, तर कथा निराळी झाली असती. कलम २७ने संपलेला हक्क चिठ्ठीने परत येत नाही. तरी मालकाचा वकील ती पुढे करून म्हणाला असता, की याने कधीच जागा स्वतःची मानली नव्हती, म्हणजे बारा वर्षांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं.

त्यासाठीच प्रतिकूल कब्जाच्या दाव्यात एक तारीख ठामपणे सांगावी लागते. कोणत्या दिवशी, कोणत्या कृतीने आपण मालकाला उघड आव्हान दिलं? सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या कर्नाटक वक्फ मंडळाच्या निकालात ही यादीच दिली आहे. ताबा कोणत्या तारखेला आला, कसा आला, मालकाला ते ठाऊक होतं का, ताबा किती काळ आणि किती उघड होता. ‘पूर्वापार आमच्याकडेच आहे’ हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यात तारीख नाही, म्हणून त्याने काम होत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि वीजबिलं मालकी सिद्ध करत नाहीत. ताबा कधीपासून आणि उघडपणे होता हे दाखवायला मात्र ती फार उपयोगी पडतात. पावत्या जपून ठेवाव्यात त्या यासाठी.

भाऊबंदकीत तर बारा वर्षांचा गैरसमज जास्तच महागात पडतो. बहीण सासरी, भाऊ गावी, जमीन वडिलार्जित. भावाने तीस वर्षं एकट्याने कसली, तरी तो बहिणीच्या वतीनेही कसतो असं कायदा धरतो, कारण एका हिस्सेदाराचा ताबा सगळ्यांचा असतो. तिला ‘तुझा यात हिस्सा नाही’ असं उघड सांगून, तिच्या माहितीत बाहेर काढलं, तर त्या दिवसापासून वर्षं मोजायला लागतात, आणि ते सिद्ध करण्याचं ओझं भावावर असतं. सणाला माहेरी आलेल्या बहिणीला दिलेलं पायलीभर धान्यसुद्धा त्याच्या विरोधी दाव्याला मारक ठरू शकतं. बहिणींनी हे माहीत करून घेतलं पाहिजे. मुदत गेली अशी भीती घालून कितीतरी जणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात.

खालच्याच्या दाव्यातली तिसरी चूक त्याच्या वादपत्रात होती, आणि तिचं मूळ बांधात आहे. त्याने लिहून दिलं: ‘गाडीवाटेची आठ फुटी पट्टी आमच्याच मालकीची आहे. तसं नसेल, तर आमचा वहिवाटीचा हक्क आहे.’ दोन्ही बाजूंनी दार उघडं ठेवावं असं त्याला वाटलं. पण सुविधाधिकार नेहमी दुसऱ्याच्या जमिनीवर असतो, स्वतःच्या जमिनीवर तो संभवतच नाही. वीस वर्षं ज्याने ती पट्टी स्वतःची समजून वापरली, त्याने ती दुसऱ्याची म्हणून, केवळ वाट म्हणून वापरली असं म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालच्या एका निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे. मुदतीच्या काळात मालक या भावनेने वापर केला असेल, तर नंतर तोच वापर सुविधाधिकार म्हणून सांगता येत नाही. पर्यायी मागण्या कागदावर लिहायला कायद्याची मनाई नाही. अडचण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर येते. ‘ती पट्टी कुणाची?’ या प्रश्नाला दोन उत्तरं देता येत नाहीत. खालचा ‘आमचीच’ म्हणाला आणि वाटेचा हक्क त्याच्या तोंडानेच गेला.

शिवाय पट्टीवर मालकी सांगायला लागणारा एकट्याचा ताबाही त्याच्याकडे नव्हता. वरचासुद्धा त्याच वाटेने जात होता, तिच्या कडेने गवत कापत होता. वाट वापरणं आणि जमीन ताब्यात असणं या दोन गोष्टी आहेत. चाकांच्या चाकोऱ्यांनी वहिवाट सिद्ध होईल, ताबा होणार नाही. गोठा, कुंपण, विहिरीचं बांधकाम, वर्षानुवर्षांचं पीक यांनी ताबा दिसतो.

दाव्यात शब्द नेमके नसले, तरी तसाच फटका बसतो. गोव्यातल्या एका प्रकरणात शेजाऱ्याच्या जागेतून जाणाऱ्या वाटेवर हक्क सांगितला होता. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण वीस वर्षांचा सलग, हक्काचा वापर नीट मांडलेला आणि सिद्ध केलेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या महाराष्ट्रातल्या एका रस्त्याच्या वादातही एप्रिल २०२४मध्ये असंच झालं. वापर बरीच वर्षं आहे, असं दाव्यात होतं. ‘बरीच वर्षं’ म्हणजे वीस वर्षं नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. त्या जमिनीला दुसरा रस्ताही होता, त्यामुळे गरजेचा म्हणूनही हक्क मिळाला नाही.

फाटकाला कुलूप लागलं त्या जूनमध्ये खालच्यापुढे आणखी एक दार उघडं होतं आणि ते सगळ्यांत लवकर मिटणारं होतं. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेतला अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. त्यासाठी अर्ज सहा महिन्यांत, म्हणजे डिसेंबर २०२१च्या आत जायला हवा होता. तिथे मालकीचा किंवा वहिवाटीचा कायमचा निवाडा होत नाही, पण पेरणीला वाट मोकळी होते आणि स्थळपाहणीचा पंचनामा होतो. तो पुढे दिवाणी कोर्टात पुरावा म्हणून मोलाचा ठरतो. तलाठ्याला तोंडी सांगणं म्हणजे असा अर्ज नव्हे, आणि पोलीस ठाण्यातली अदखलपात्र तक्रारही नव्हे. खालच्याने दोन वर्षं जे अर्ज केले, त्यातला एकही योग्य ठिकाणी पोचला नव्हता.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ याहून वेगळं आहे. त्यात तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जाण्याची वाट देऊ शकतो. तिथे वीस वर्षं वापर दाखवावा लागत नाही, शेतकऱ्याला शेतात पोचायची गरज किती, हे पाहिलं जातं. निर्णय मान्य नसलेल्या माणसाला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. खालच्याला हा अर्ज आजही करता येईल. मात्र ती वाट बांधावरून मिळते. आठ फुटी गाडीवाट जशी होती तशी परत मिळेल याची खात्री नसते.

नव्या मालकालाही इथे पाय घसरायला जागा आहे. गोठ्याबाबत बाजू भक्कम आहे असं पाहून त्याने एखाद्या रात्री जेसीबी लावला, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६खाली खालचा सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालकी कुणाची हे पाहतच नाहीत. ताबा होता का आणि तो कायद्याचा मार्ग सोडून काढला का, एवढंच पाहतात.

बारा वर्षांनी दुसऱ्याची जमीन मिळावी हे न्याय्य आहे का, यावर न्यायालयांचंही मन द्विधा झालेलं आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा प्रामाणिक मालकावर अन्याय करणारा आहे असं म्हणून सरकारला फेरविचार करायला सांगितलं. २०१९ साली तिघा न्यायमूर्तींच्या पीठाने मात्र असा ताबेदार स्वतः वादी होऊनही हक्क सांगू शकतो असं ठरवलं. त्याआधी तो फक्त बचावात सांगता येतो असं मानलं जात असे. विधी आयोगाने २०२३च्या आपल्या २८०व्या अहवालात मुदत बदलू नये असं मत दिलं, पण आयोगाच्या दोन पदसिद्ध सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला. मला स्वतःला बारा वर्षं कमी वाटतात. पोटासाठी मुंबई, सुरत गाठलेल्या माणसाला गावच्या तीन गुंठ्यांवर वर्षावर्षाला नजर ठेवता येत नाही. पण कायदा आज आहे तो असा आहे आणि तारखा त्याच्याच मोजायच्या आहेत.

खालच्याकडे अजून एक कागद शोधायचा राहिला आहे. दोन्ही शेतं पूर्वी एकाच कुटुंबाची होती का? एकत्र मिळकतीची वाटणी होऊन किंवा एका मालकाने तुकडा विकून ही दोन शेतं झाली असतील आणि त्या वेळी खालच्या तुकड्याला दुसरी वाटच नसेल, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम १३खाली गरजेची वाट मिळते. तिला वीस वर्षं लागत नाहीत, दाव्याआधीच्या दोन वर्षांची अटही लागत नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून फाळणी बारा आणि गुणाकार बुकाच्या नकला काढायच्या, आणि गट पडण्याआधीच्या सर्व्हे नंबरांचे जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवायचे. दोन्ही हिस्से एका नंबरातून फुटलेले दिसले, तर नवा दावा उभा राहतो. पलीकडच्या ओढ्याकाठून त्याच्या शेताला दुसरी वाट, अडचणीची का होईना, निघत असेल, तर मात्र हाही हक्क मिळणार नाही. गरजेच्या वाटेसाठी सोय पुरत नाही, तिच्यावाचून शेतात पोचताच येत नाही असं दाखवावं लागतं. आणि पुढे कधी दुसरा रस्ता झाला, तर कलम ४१प्रमाणे ही वाट त्या दिवशी संपते.